अडीच त्रिज्यांचा हिशोब: उभ्या वर्तुळाच्या गणिताची पार्श्वभूमी

दोरीला गोळा बांधून उभ्या वर्तुळात फिरवायचा, तर तळाशी त्याचा वेग किमान किती हवा? बारावीच्या भौतिकशास्त्रात याचं उत्तर √(5gr) असं येतं आणि बहुतेक जण ते पाठ करून मोकळे होतात. पण वर चढायची उंची तर फक्त दोन त्रिज्या आहे. मग ऊर्जेच्या हिशोबाने √(4gr) पुरायला हवं. हा पाच कुठून आला? परीक्षेत चुका याच जागी होतात. इतिहासातही या दोन उत्तरांमध्ये सुमारे वीस वर्षांचं अंतर आहे.

त्यातलं पहिलं टोक गॅलिलिओकडे सापडतं. 1638 साली लायडनला छापलेल्या ‘दोन नव्या शास्त्रां’वरच्या ग्रंथात त्याने एक साधा प्रयोग सांगितला आहे. भिंतीत खिळा ठोकायचा, त्याला बारीक दोऱ्याने शिशाची छोटी गोळी टांगायची आणि बाजूला नेऊन सोडायची. गोळी पलीकडे जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत जाते. आता दोऱ्याच्या वाटेत, पहिल्या खिळ्याच्या बरोबर खाली दुसरा खिळा ठोकायचा. दोरा त्यावर अडतो आणि गोळी लहान वर्तुळात वळते, पण तरीही पोचते मूळ उंचीलाच. तळाशी मिळालेला वेग किती उंची चढवतो हे वाटेच्या आकारावर अवलंबून नसतं, एवढंच गॅलिलिओला दाखवायचं होतं.

पुढे तो जाता जाता म्हणतो की दुसरा खिळा फार खाली ठोकला, इतका की उरलेला दोरा त्या उंचीपर्यंत पोचूच शकत नाही, तर दोरा खिळ्यावरून उडी मारतो आणि त्याला गुंडाळला जातो. लहान वर्तुळाची त्रिज्या r मानली, तर याचा अर्थ असा की गोळी तळापासून 2r पेक्षा जास्त उंचीवरून सोडलेली असली म्हणजे झालं. हाच आपला √(4gr).

हे चूक आहे का? एक मीटर दोरा आडवा ताणून सोडा आणि दुसरा खिळा टांगणीपासून 55 सेंटिमीटर खाली ठोका. म्हणजे r झाली 45 सेंटिमीटर, वर्तुळाचा माथा तळापासून 90 सेंटिमीटरवर आणि गोळी सुटली 100 सेंटिमीटरवरून. गॅलिलिओची अट पाळली गेली. प्रत्यक्षात गोळी सुमारे 82 सेंटिमीटरवर पोचते तेव्हाच दोऱ्यातला ताण शून्य होतो. तिथून पुढे ती वर्तुळावर नसते. हवेत फेकलेल्या दगडासारखी ती आपल्या वाटेने, खिळ्याच्या वरून पलीकडे जाते आणि तिथे दोरा पुन्हा ताठ होताना ‘खट्’ असा झटका बसतो. म्हणजे दोरा खिळ्यावरून गेला हे खरंच. गॅलिलिओने जे लिहिलं ते डोळ्यांना तसंच दिसतं. फक्त गोळीने वर्तुळ काढलं नाही. दोरा क्षणभर सैल पडला आणि मग झटका बसला, तर समजावं की वेग अपुरा होता.

ताण नावाच्या गोष्टीचा हिशोब करायला वेगळा माणूस यावा लागला. डच गणिती ख्रिस्तियान हायगेन्सने 1659 मध्ये, तिशीत असताना, वर्तुळात फिरणारी वस्तू दोरीला बाहेरच्या दिशेने किती ओढते यावर एक लेख लिहिला. त्या ओढीला त्यानेच अपकेंद्री बल हे नाव दिलं. आज आपण स्थिर निरीक्षकाच्या बाजूने बोलतो आणि आत ओढणारं अभिकेंद्री बल मोजतो. ती भाषा न्यूटनच्या 1687 च्या ग्रंथातली. आकडे मात्र तेच येतात. त्या लेखातली तेरा प्रमेयं हायगेन्सने 1673 मध्ये लंबकाच्या घड्याळावरच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी छापली, तीही सिद्धता न देता. पूर्ण लेख उजेडात आला 1703 साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

हायगेन्स mv²/r लिहीत नाही. तो वेग उंचीने मोजतो: ‘अमुक उंचीवरून पडल्यावर जो वेग येतो तो.’ मला ही पद्धत आजच्या बीजगणितापेक्षा जास्त बोलकी वाटते. त्याचं एक प्रमेय सांगतं की व्यासाच्या पाव हिश्शाएवढ्या, म्हणजे r/2 उंचीवरून पडून जो वेग येतो, त्या वेगाने वस्तू वर्तुळात फिरली तर तिची बाहेरची ओढ बरोबर तिच्या वजनाएवढी असते. उभ्या वर्तुळाचं गणित एवढ्यावर सुटतं. माथ्यावर दोरा सैल पडू नये म्हणून तिथे ओढ निदान वजनाएवढी हवी, म्हणजे अर्ध्या त्रिज्येच्या पडण्याइतका वेग माथ्यावर शिल्लक हवा. तिथून तळापर्यंत आणखी दोन त्रिज्यांचं पडणं. एकूण अडीच. अडीच त्रिज्या पडून येणारा वेग म्हणजेच √(2g × 2.5r), आपला √(5gr).

तळाशी ओढ किती? अर्ध्या त्रिज्येला एक वजन, तर अडीच त्रिज्यांना पाच वजनं. शिवाय तळाशी गोळ्याचं स्वतःचं वजनही दोरीवरच असतं. झाली सहा. हायगेन्सचं प्रमेय याच रूपात आहे: दोरीला टांगलेल्या वस्तूच्या सहापट वजन पेलता आलं नाही, तर ती वस्तू उभ्या वर्तुळात फिरवता येणार नाही. किमान वेग त्याने विचारलाच नाही, त्याने विचारलं की दोरी किती मजबूत हवी.

एक मीटर दोरी घ्या. 5 × 9.8 म्हणजे 49, तेव्हा तळाचा वेग नेमका 7 मीटर प्रति सेकंद आणि माथ्यावर साधारण 3.1. गोळा 100 ग्रॅमचा असला, तरी तळाशी दोरीवर 600 ग्रॅमचा भार येतो. अर्धा किलो पेलणारा दोरा इथे तुटतो. दोरीऐवजी हलका ताठ दांडा असला तर गोष्ट बदलते. दांडा गोळ्याला खालून आधार देऊ शकतो, त्यामुळे माथ्यावर वेग शून्य झाला तरी चालतो आणि तिथे √(4gr) हेच बरोबर उत्तर.

यातली खोच अशी की त्या सहामध्ये त्रिज्या कुठेच नाही. वर्तुळ लहान करा की मोठं, तळाशी सहापट भार ठरलेला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 साली ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची रोलर कोस्टर सुरू झाली, तिचा गोल फास साधारण 25 फूट व्यासाचा होता. 60 किलोच्या माणसाला अशा फासाच्या तळाशी निदान 360 किलोचा भार सोसावा लागतो, आणि घर्षणात जाणारी ऊर्जा भरून काढायला गाडी आणखी वेगाने सोडली की तो आकडा वाढतो. शिवाय सपाट रुळावरचा एकपट भार फासात शिरताक्षणी एकदम सहापट होतो. मानेला हिसके बसल्याच्या तक्रारी आल्या यात नवल नाही. फास मोठा करून हे सुटणार नव्हतं, वर्तुळच सोडायला हवं होतं. 1901 मध्ये तिथेच लंबगोल फास आला. तळाशी मोठी वक्रतात्रिज्या आणि माथ्याकडे लहान होत जाणारी, असा थेंबासारखा फास जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेलने 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘रिव्होल्यूशन’ या रोलर कोस्टरसाठी आखला.