वेक्टर शोधाच्या जोडीला जुना शब्दशोध परत का आला?

कंपनीच्या कागदपत्रांतून उत्तरे देणाऱ्या आजच्या क्लाउड सेवा ज्या पद्धतीवर चालतात, तिला 'रिट्रीव्हल ऑगमेंटेड जनरेशन', थोडक्यात 'रॅग', हे नाव 2020 मध्ये पॅट्रिक लुईस आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाने दिले. त्यांनी विकिपीडियाचे शंभर-शंभर शब्दांचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेक्टर, म्हणजे त्याचा अर्थ टिपणारी आकड्यांची यादी, साठवला होता. प्रश्नाचा वेक्टर काढणारे मॉडेल आणि उत्तर लिहिणारे मॉडेल एकत्र प्रशिक्षित होत. त्यामुळे उत्तर चुकले की त्यातून शोधही सुधारत असे.

क्लाउडवर हा दुवा तुटला. भाषा मॉडेल दुसऱ्याच्या सर्व्हरवर, मजकुराचा वेक्टर काढणारे एम्बेडिंगही तयार मिळणारे. डिसेंबर 2022 मध्ये आलेले ओपनएआयचे `text-embedding-ada-002` कोणत्याही मजकुराचे 1536 आकडे करून देई. ते पाइनकोन किंवा `pgvector` सारख्या वेक्टर साठवणाऱ्या साधनात ठेवायचे, प्रश्नाजवळचे तुकडे काढायचे आणि प्रॉम्प्टमध्ये घालायचे. प्रशिक्षण लागत नाही, म्हणून सकाळी भरलेल्या कागदावर दुपारी उत्तर मिळते. ही सोय खरोखर मोठी आहे. पण शोध आता आपल्या चुकांतून काही शिकत नाही.

समजा, देखभाल पुस्तिकेत E-4102 आणि E-4120 असे दोन एरर कोड आहेत आणि दोन्हींचे वर्णन जवळजवळ सारखेच आहे. एम्बेडिंग अर्थ पकडते, त्यामुळे दोघांचे वेक्टर शेजारी पडतात. E-4120 बद्दल विचारले आणि त्याचा तुकडा आठवा आला, तर पहिले पाचच पाहणारे मॉडेल E-4102 चा उपाय सफाईने लिहून देते. नुसते उत्तर वाचून ही चूक कळत नाही. सापडलेले तुकडे उघडून पाहावे लागतात: योग्य तुकडा त्यांत नसेल तर दोष शोधाचा, असूनही उत्तर चुकले तर लिहिणाऱ्या मॉडेलचा.

यावरचा उपाय जुनाच निघाला. शब्द जितका दुर्मीळ तितके त्याचे वजन जास्त, हे कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडले होते. त्याच वाटेवर 1990 च्या दशकात लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी बीएम25 हे शब्दशोधाचे सूत्र घडवले. E-4120 एखाद-दुसऱ्याच तुकड्यात असल्याने तिथे त्याला भरपूर वजन मिळते.

आता वेक्टर शोध आणि शब्दशोध दोन्ही चालवून त्यांच्या याद्या एकत्र करतात. दोन्ही शोधांचे गुण वेगळ्या मापाचे, म्हणून बेरीज गुणांची नव्हे तर क्रमांकांची करतात. 2009 मध्ये मांडलेल्या 'रेसिप्रोकल रँक फ्यूजन'मध्ये प्रत्येक यादीतून तुकड्याला 1/(60 + क्रमांक) मिळतात. आपला तुकडा वेक्टर यादीत आठवा आणि शब्दयादीत पहिला असेल, तर 1/68 आणि 1/61 मिळून सुमारे 0.031 होतात. एकाच यादीत सापडलेल्याला फार तर 0.0164. E-4102 चा तुकडा दोन्ही याद्यांत वर असेल तर तो तरीही पुढे राहू शकतो, पण योग्य तुकडा आता मॉडेलपर्यंत पोहोचतो आणि समोर असलेला कोड ते सहसा ओळखते. कोड ठाऊक नसलेला कामगार मात्र 'यंत्र गरम होऊन थांबतंय' असेच विचारणार, आणि पुस्तिकेत 'अतितापमान' लिहिले असेल तर तिथे बीएम25 चा उपयोग नाही. तो तुकडा वेक्टरच शोधून काढतो.