डिस्कच नसलेला संगणक

नवी लिनक्स प्रणाली आपल्याला आवडेल की नाही हे कळण्याआधीच हार्ड डिस्कची वाटणी करायला बसणं म्हणजे स्थळ पाहण्याआधीच मुहूर्त काढणं. त्याऐवजी व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये एक आभासी संगणक उभा करावा आणि त्यात लाइव्ह आयएसओ, म्हणजे डिस्कवर न बसवताच चालणाऱ्या प्रणालीची एक मोठी फाइल, चालवून पाहावी. मी तर त्या आभासी संगणकाला हार्ड डिस्कसुद्धा देत नाही. ४ जीबी रॅम, दोन प्रोसेसर आणि आभासी सीडी ड्राइव्हमध्ये लिनक्स मिंटची आयएसओ, एवढंच. डिस्कच नसल्यामुळे ‘Install Linux Mint’वर चुकून क्लिक झालं तरी काही बिघडत नाही.

सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत डेस्कटॉप येतो. फायरफॉक्स चालतं, फाइल सेव्ह होते, नवा प्रोग्रॅमही टाकता येतो. पण सीडीवर तर लिहिता येत नाही आणि डिस्क आपण दिलेली नाही. मग हे सगळं साठतं कुठे?

आयएसओच्या आत filesystem.squashfs नावाची एक मोठी फाइल असते. अख्खी प्रणाली तिच्यात दाबून भरलेली असते आणि ती फक्त वाचता येते. लागेल तो भाग त्या क्षणी उलगडला जातो. म्हणूनच प्रत्येक प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो आणि दुसऱ्यांदा पटकन उघडतो, तेव्हा पहिल्या क्लिकवरून प्रणालीला मंद ठरवू नये. या छापील पानावर रॅममधला एक कोरा बटर पेपर अंथरलेला असतो. आपण लिहितो ते बटर पेपरवर, दिसतात मात्र दोन्ही थर मिळून एकच पान. हे काम ओव्हरलेएफएस ही फाइल प्रणाली करते. २०१४ च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्स कर्नल ३.१८ पासून ती कर्नलमध्येच आहे. लाइव्ह सीडीची कल्पना अर्थात त्याहून जुनी. क्लाउस क्नॉपर यांची क्नॉपिक्स २००० सालची.

हा बटर पेपर केवढा आहे ते टर्मिनलमध्ये पाहता येतं:

```
df -h /
```

मिंटमध्ये पहिल्या रकान्यात `/cow` असं नाव दिसतं आणि आकार साधारण २ जीबी, म्हणजे दिलेल्या रॅमच्या निम्मा. आता एखादा मोठा प्रोग्रॅम टाका आणि हीच आज्ञा पुन्हा द्या. वापरलेली जागा वाढलेली दिसेल, आणि ती रॅममधूनच गेलेली असेल. कागद भरला की ‘No space left on device’ असा संदेश येतो. अशा वेळी बरेच जण मूळचे प्रोग्रॅम काढून जागा करू पाहतात, पण त्याने जागा सुटत नाही. मूळ फाइल खालच्या पानावर तशीच राहते. ती ‘पुसली’ म्हणजे वरच्या कागदावर त्या जागी फक्त एक पांढरी चिकटपट्टी लागते. उपाय दोनच: स्वतः आणलेल्या फाइल काढायच्या, नाहीतर यंत्र बंद करून त्याला जास्त रॅम द्यायची.

बंद केलं की कागद फाटला, सगळं गेलं. पेनड्राइव्हवरून तशीच लाइव्ह प्रणाली चालवली तरी हेच होतं. आभासी संगणकात मात्र एक पळवाट आहे आणि मला ती फार आवडते. खिडकी बंद करताना ‘Save the machine state’ निवडलं, तर व्हर्च्युअलबॉक्स त्या यंत्राची रॅम जशीच्या तशी आपल्या खऱ्या डिस्कवर उतरवून ठेवतो. बटर पेपर रॅममध्येच असल्यामुळे तोही सोबत जपला जातो. दुसऱ्या दिवशी अर्धवट लिहिलेलं पत्र आहे तिथेच सापडतं. आठवडाभर असं वापरून पाहता येतं, फक्त खऱ्या डिस्कवर काही जीबी जागा मोकळी हवी, आणि लाइव्ह प्रणालीच्या आत ‘Shut Down’ करायचं नाही.

या आठवड्यात काय तपासायचं? मी आधी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘ट्र’ ही जोडाक्षरं टाइप करून पाहतो. मेनू, फाइलींची खिडकी, अक्षरांचा आकार, सॉफ्टवेअर टाकण्याची पद्धत यांचा अंदाजही इथे खरा येतो.

यंत्रसामग्रीचा मात्र येत नाही. टर्मिनलमध्ये `lspci` लिहून पाहा. तुमच्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड त्या यादीत नसतंच. तिथे इंटेलचं 82540EM हे तारेचं नेटवर्क कार्ड दिसतं, तेही आभासी. त्यामुळे आत इंटरनेट चाललं म्हणजे वायफाय चालेल असं होत नाही. ग्राफिक्सचंही तसंच. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप बऱ्याचदा ‘software rendering mode’ची सूचना देतो. म्हणजे चित्र रंगवायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडलंय, आणि खिडक्या अडखळत सरकतात ते त्यामुळे. स्क्रीन काळीच राहिली तर यंत्र बंद करून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करून पाहावी.

वायफाय, झाकण मिटल्यावर झोपणं आणि बॅटरी यांसाठी तीच आयएसओ पेनड्राइव्हवर उतरवून खऱ्या लॅपटॉपवर अर्धा तास चालवावी लागते. तिथे मात्र हार्ड डिस्क खरी असते, त्यामुळे ‘Install’च्या चिन्हापासून हात लांब ठेवायचा.