दहावीच्या पूर्वपरीक्षेसाठी बीजगणिताची प्रश्नपत्रिका सादर करणे : पात्रता, कागदपत्रे आणि प्रश्नांचा क्रम

शाळेच्या पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका राज्य मंडळाच्या आराखड्याप्रमाणेच असावी, अशी अपेक्षा असते. गणित भाग १, म्हणजे बीजगणित, हा ४० गुणांचा आणि दोन तासांचा पेपर आहे. तो काढण्याचे काम साधारणपणे त्या इयत्तेला तो विषय शिकवणाऱ्या शिक्षकाकडे दिले जाते. मात्र ज्या शिक्षकाचे पाल्य त्याच परीक्षेला बसणार असेल, त्याने तसे आधीच लेखी कळवून या कामातून बाजूला राहावे.

मुख्याध्यापकांकडे किंवा परीक्षा विभागाकडे मूळ प्रश्नपत्रिकेसोबत संविधान तक्ता, आदर्श उत्तरपत्रिका आणि गुणदान योजना मोहोरबंद पाकिटात द्यावी लागते. यांतील संविधान तक्ता अनेकदा प्रश्नपत्रिका तयार झाल्यावर घाईघाईने भरला जातो, आणि मग त्याचा काहीच उपयोग उरत नाही. कोणत्या प्रकरणातून किती गुण घ्यायचे आणि त्यांतील सोपे, मध्यम व कठीण किती, हे एकही प्रश्न लिहिण्यापूर्वी त्यात ठरलेले असावे.

आराखड्यातील विभागणी गुणांच्या चढत्या क्रमाने जाते. प्रश्न १ मध्ये ४ बहुपर्यायी आणि ४ लघुप्रश्न, प्रत्येकी १ गुणाचे असतात. प्रश्न २ मध्ये २ गुणांचे उपप्रश्न येतात. तीनपैकी दोन कृती पूर्ण करायच्या आणि पाचपैकी चार उदाहरणे सोडवायची. प्रश्न ३ मध्ये ३ गुणांचे उपप्रश्न असून दोनपैकी एक कृती आणि चारपैकी दोन उदाहरणे सोडवायची असतात. प्रश्न ४ मध्ये ४ गुणांच्या तीनपैकी दोन उदाहरणांची उत्तरे लिहायची असतात. प्रश्न ५ मात्र पुन्हा ३ गुणांवर उतरतो. दोनपैकी एक सोडवायचा हा प्रश्न कमी गुणांचा असूनही शेवटी का, हे ज्याला उमगले त्याला क्रम लावण्याचे निम्मे काम जमले, असे म्हणायला हरकत नाही.

गुण हे उत्तरातील पायऱ्यांवर ठरतात, काठिण्य मात्र पहिली पायरी सुचण्यावर अवलंबून असते. x + y = 5 आणि x − y = 1 ही समीकरणे आलेखाने सोडवायला सांगितल्यास कोष्टके करणे, बिंदू स्थापन करणे, रेषा काढणे आणि (3, 2) हा छेदनबिंदू वाचणे, अशी कामे असल्यामुळे ४ गुण रास्त ठरतात; पण सुरुवात कुठून करायची याची शंका कोणालाच येत नाही. याउलट x + y = 14 आणि x − y = 2 ही समीकरणे ज्यातून मिळतील असे शाब्दिक उदाहरण तयार करून सोडवा, असे विचारल्यास आकडेमोड दोन ओळींची असते आणि उत्तर 8 व 6 चटकन येते, परंतु प्रसंग विद्यार्थ्याला स्वतः रचावा लागतो. म्हणून पहिले उदाहरण प्रश्न ४ मध्ये आणि दुसरे प्रश्न ५ मध्ये जाते. हे दुसरे उदाहरण प्रश्न २ मध्ये घातले, तर विद्यार्थी पेपरच्या सुरुवातीलाच अडकतो आणि पुढची येणारी उदाहरणेही वेळेअभावी राहतात.

एकाच प्रश्नातील पर्यायांच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. तीनपैकी दोन सोडवायची असतील, तर तिन्ही उदाहरणे सारख्याच तोलाची हवीत. प्रश्न ४ साठी ‘दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांचा गुणाकार 168 आहे, तर त्या संख्या शोधा’ हे उदाहरण घेऊ. x(x + 2) = 168 हे समीकरण मांडण्यास १ गुण, x² + 2x − 168 = 0 या रूपात आणण्यास १, (x + 14)(x − 12) = 0 असे अवयव पाडण्यास १, आणि −14 ही किंमत सकारण नाकारून 12 व 14 लिहिण्यास १ गुण, अशी योजना होते. याच्या शेजारी नुसते x² − 7x + 12 = 0 सोडवा असे ४ गुणांना ठेवले, तर सगळे तेच निवडतील आणि पर्याय नावापुरता राहील. गुणदान योजना लिहिताना ही चूक आपोआप उघडी पडते, कारण त्या उदाहरणात चौथा गुण देण्याजोगी पायरीच सापडत नाही.

प्रत्येक प्रश्नातील पहिला उपप्रश्न थेट पद्धतीचा असावा आणि एकाच प्रकरणाची उदाहरणे पाठोपाठ ठेवू नयेत. एका प्रश्नातील माहितीतून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही ना, हेही पाहावे लागते, कारण विवेचकाची किंमत विचारणारा १ गुणाचा प्रश्न आणि तेच समीकरण सूत्राने सोडवण्याचा प्रश्न एकाच पेपरात आल्याचे हमखास आढळते.

सादर करण्यापूर्वी शिक्षकाने संपूर्ण पेपर, पर्यायी उदाहरणांसह, पायऱ्या न गाळता स्वतः लिहून सोडवावा. गुणांची बेरीज दोनदा करावी : सोडवायचे गुण ४० आणि पर्यायांसह छापलेले गुण ६० आले पाहिजेत. त्यानंतर तपासणीसाठी दुसऱ्या विषयशिक्षकाकडे पेपर जातो. त्याने एखाद्या उपप्रश्नाची जागा बदलली, तर संविधान तक्ता, उत्तरपत्रिका आणि गुणदान योजना या तिन्हींतील क्रमांक त्याच वेळी बदलून घ्यावेत आणि मगच पाकीट पुन्हा मोहोरबंद करावे.