संस्थेचे अंदाजपत्रक : विभागाच्या मागणीपासून मंजुरीपर्यंत कोणी काय, कधी करायचे?

अंदाजपत्रकाचे वेळापत्रक शेवटाकडून मागे आखतात. नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या चार आठवडे आधी नियामक मंडळाची मंजुरी हवी असेल, तर वर्षारंभापासून मागे मोजत सदस्यांच्या हाती कागद सहाव्या आठवड्यात पडले पाहिजेत, वित्त समितीची बैठक आठव्या आठवड्यात झाली पाहिजे आणि विभागांच्या मागण्या चौदाव्या आठवड्यापर्यंत यायला हव्यात. त्यासाठी लेखा विभागाचे परिपत्रक अठराव्या आठवड्यात निघते. संस्थेनुसार आकडे बदलतील, क्रम मात्र हाच.

मागणी विभागप्रमुखाच्या सहीनेच जाते. एखाद्या कर्मचाऱ्याला काही हवे असेल, तर त्याने ते विभागप्रमुखाकडे लेखी द्यावे. विभागाच्या मागणीसोबत मागील तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद व आजवरचा खर्च, भरलेल्या आणि रिक्त पदांची यादी आणि चालू करारांच्या प्रती जोडाव्यात. नवी बाब असेल तर दरपत्रक आणि पुढील वर्षांत तिच्यावर होणारा देखभालीचा खर्चही द्यावा. हा शेवटचा आकडाच बहुतेक जण विसरतात.

सर्वाधिक चुका चालू वर्षाच्या सुधारित अंदाजात होतात. समजा, एका विभागाने सात महिन्यांत ३५ लाख खर्च केले. सरळ हिशेबाने बारा महिन्यांचे ६० लाख होतात आणि तोच आकडा पुढच्या वर्षासाठी मागितला जातो. पण त्या ३५ लाखांत ७ लाखांचे यंत्र एकदाच घेतलेले आहे. ते वगळले तर नियमित खर्च २८ लाख, म्हणजे महिन्याला ४ लाख. उरलेल्या पाच महिन्यांचे २० लाख धरून सुधारित अंदाज ५५ लाख येतो आणि पुढील वर्षाचा पाया ४८ लाखांचा ठरतो. वेतनवाढ, दरवाढ आणि नव्या बाबी या पायावर वेगळ्या दाखवायच्या.

लेखा विभाग छाननीत नेमके हेच शोधतो. मागणी आणि मागचा प्रत्यक्ष खर्च यांत मोठी तफावत दिसली की विभागप्रमुखाला चर्चेला बोलावतो आणि मग सगळ्या विभागांची बेरीज अपेक्षित उत्पन्नाशी ताडून पाहतो. विभागांनी दोन आठवडे उशीर केला, तर मंडळाची बैठक पुढे जात नाही, छाननीचे दिवस कमी होतात. मग घाईत सर्वांना सरसकट दहा टक्के कपात लागते आणि नेटका हिशेब देणाऱ्या विभागालाही तिचा फटका बसतो. म्हणून मुदत चुकल्यास मागचाच पाया धरला जाईल आणि नवी बाब विचारात घेतली जाणार नाही, हे परिपत्रकातच लिहिलेले असावे.

वित्त समिती नव्या बाबींचा प्राधान्यक्रम लावून शिफारस करते आणि अंतिम मंजुरी मंडळ देते. ठराव झाल्यावर लेखा विभाग प्रत्येक विभागाला लेखाशीर्षनिहाय मंजूर तरतूद लेखी कळवतो. हे पत्र हाती येईपर्यंत कोणतीही नवी खरेदी नोंदवू नये.