नुसतं पानाचा फोटो येतो, खाली एक शब्द नाही: केळीपट्ट्यातल्या या सवयीची पार्श्वभूमी

रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या भागात जो कोणी शेतीचा सल्ला देतो, मग तो कृषी सेवा केंद्रवाला असो, कृषी सहायक असो का गावातला जरा शिकलेला पोरगा असो, त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पावसाळ्यात सकाळी सकाळी फोटो पडायला लागतात. केळीचं एक पान, त्यावर पिवळे पट्टे, बस्स. नाव नाही, गाव नाही, प्रश्न नाही. बरेच जण यावर चिडतात, "अरे बाबा काही लिही तरी" असं म्हणतात. माझं मत वेगळं आहे. ही सवय कुठून आली हे पाहिलं की उत्तर कसं द्यायचं तेही आपोआप कळतं, म्हणून थोडं मागून सांगतो.

फोटो नव्हते तेव्हा पानच यायचं. शेतकरी रोगट पान नाहीतर अख्खा पोंगा तोडायचा, पिशवीत घालून बाजाराच्या दिवशी तालुक्याला आणायचा आणि दुकानाच्या काउंटरवर ठेवायचा. तेव्हाही तो सुरुवातीला फार काही बोलायचा नाही, पान पुढे सरकवायचं आणि "हाई काय शे भो?" एवढंच. पण समोरचा माणूस पान उलटंपालटं करता करता विचारत जायचा, लागण कधीची, मृगबाग का कांदेबाग, शेजारी काय लावलंय, पाणी कसं देता, आणि चहा संपेपर्यंत सगळी हकीगत बाहेर यायची. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये सुरू झालं, जळगावचं केळी संशोधन केंद्र त्याच विद्यापीठाचं, तिथेही लोक पानं घेऊन जायचे आणि पद्धत हीच. म्हणजे वस्तू शेतकऱ्याने आणायची आणि शब्द समोरच्याने काढून घ्यायचे, अशी ही जुनी वाटणी आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने पान दाखवलं की त्याने प्रश्न विचारलेला असतो.

मग आला फोन आणि गणित एकदम उलटं झालं. २१ जानेवारी २००४ ला किसान कॉल सेंटर सुरू झालं, १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर, मराठीत बोलायची सोय. आता पान नाही, फक्त शब्द. "साहेब पान पिवळं पडलंय" एवढं ऐकून पलीकडच्या माणसाने काय सांगावं? म्हणून त्यांना ठरावीक क्रमाने विचारावंच लागायचं: पीक कोणतं, किती दिवसांचं, तालुका कोणता, पिवळं वरचं पान का खालचं, सगळीकडे का ठिकठिकाणी. ज्यांनी त्या काळात फोनवर शेतकऱ्यांशी बोलायचं काम केलं त्यांच्या तोंडात हे प्रश्न बसून गेले. न पाहता रोगाच्या जवळ जायची ती खरी शिकवणी होती, आणि आज फोटोला उत्तर देताना तेच प्रश्न कामाला येतात.

व्हॉट्सअ‍ॅप २००९ चं, पण आपल्याकडे खेड्यात ते घरोघरी गेलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर, डेटा स्वस्त झाला आणि शेतातून फोटो पाठवणं परवडायला लागलं. त्यात मराठी टाइप करणं अनेकांना अजून जड जातं, हात चिखलाचे असतात, स्क्रीनवर ऊन असतं. मग काय, पान पुन्हा काउंटरवर आलं, फक्त काउंटर आता खिशातल्या मोबाईलमध्ये. पान आलं पण चहा आला नाही, हकीगत आली नाही, आणि ती काढून घ्यायची जबाबदारी आपली आहे हेच बरेच सल्ला देणारे विसरले.

आता एक केस धरून बोलू. श्रावणातली, यावलकडची, झिमझिम पाऊस आणि आठवडाभर ढगाळ. फोटो येतो: पानाचा वीतभर तुकडा, शिरांना समांतर पिवळे पट्टे, मागे काळी माती. हे तीन गोष्टींपैकी काहीही असू शकतं. एक करपा, म्हणजे सिगाटोका, तो बुरशीचा. दुसरा आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. तिसरं म्हणजे झिंकची कमतरता, तिच्यातही पट्टे येतात. तिघांचा उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळा आणि त्या तुकड्यावरून छातीठोक सांगता येत नाही.

इथे घाईत लोक काय करतात, तर लगेच बुरशीनाशकाचं नाव टाकतात. शेतकरी त्या मेसेजचा स्क्रीनशॉट दुकानात दाखवतो, औषध घेतो, फवारतो. हरण्या असला तर बुरशीनाशकाने त्याला काडीचाही फरक पडत नाही, आणि मधल्या काळात मावा रोगट झाडावरून चांगल्या झाडावर फिरत राहतो. हा व्हायरस घ्यायला आणि सोडायला माव्याला मिनिटभरसुद्धा पुरतं, त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक दिवस बागेत दिसतो. औषधाचं नाव हे उत्तरातलं सगळ्यात शेवटचं वाक्य असायला हवं, पहिलं नाही.

त्या फोटोला मी असं उत्तर देईन:

"भाऊ, फोटो मिळाला. केळीचं पान आहे, पिवळे पट्टे दिसताय. दोन गोष्टी सांगा, बोलून पाठवलं तरी चालेल: १) हे पान वरचं नवीन का खालचं जुनं? २) अशी झाडं सगळ्या बागेत आहेत का मधेमधे एखादं? आणि थोडं लांब उभं राहून पूर्ण झाडाचा एक फोटो टाका, पोंगा दिसला पाहिजे. तोवर काही फवारू नका."

यात काय काय आहे बघा. फोटो मिळाला हे आधी सांगितलं, कारण निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही आलं की माणूस तासाभरात दुसऱ्याला विचारतो आणि मिळेल ते औषध आणतो. मग मला काय दिसलं ते सांगितलं, म्हणजे मी चुकीचं पाहत असेन तर तो लगेच म्हणेल, नाही भाऊ ती हळद आहे. प्रश्न फक्त दोन. पाच विचारले तर एकाचंही उत्तर येत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. व्हॉइस मेसेज चालेल हे मुद्दाम म्हटलं, कारण जो टाइप करत नाही तो बोलतो मात्र भरपूर, आणि त्या बोलण्यात न विचारलेल्या गोष्टीही येतात, बांधाला काकडी आहे, मागच्या आठवड्यात तणनाशक मारलं होतं, असं.

आणि ते दोनच प्रश्न का? करपा खालच्या जुन्या पानांवर जास्त दिसतो आणि त्याचे पट्टे पुढे तपकिरी होऊन मधे राखाडी ठिपका पडतो. हरण्या नवीन पानांवर दिसतो, लहान बागेत, लागण झाल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत जास्त, आणि जोर असला तर पोंगा सडतो. झिंकची कमतरतासुद्धा नवीन पानांवरच येते, म्हणून पहिल्या उत्तराने करपा बाजूला पडतो पण बाकीचे दोघं उरतात. तिथे दुसरं उत्तर कामाला येतं: कमतरता असेल तर जमिनीचा अख्खा पट्टा तसा दिसतो, व्हायरस मात्र चांगल्या झाडांच्या मधे एखादं, मग दोन रांगा सोडून दुसरं, असा विखुरलेला.

आपल्या केसमध्ये व्हॉइस आला: पान वरचं, टिश्यूची बाग दोन महिन्यांची, झाडं मधेमधे, बांधापलीकडे भोपळ्याचा वेल. पूर्ण झाडाच्या फोटोत पोंगा काळपट. आता हरण्याचा संशय पक्का धरायला हरकत नाही, कारण काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो यांच्यावर हा व्हायरस राहतो आणि तिथून मावा त्याला केळीत आणतो. या रोगाला औषध नाही हे स्पष्ट लिहायचं. आधी माव्यासाठी फवारणी, नाहीतर झाड हलवलं की मावा शेजारी जातो, आणि औषध लेबलवर केळी लिहिलेलंच घ्यायचं. मग रोगट झाडं कंदासकट उपटून बागेबाहेर नेऊन पुरायची किंवा जाळायची, तण आणि बांधावरचे वेल काढायचे, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा रांगेरांगेने फिरून बघायचं. मी इथे संशय म्हणतोय, खात्री नाही. व्हायरसची खात्री लॅबमध्येच होते, आणि झाडं बरीच असतील तर कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला बागेत बोलवायलाच हवं.

फोटोच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे मावा किंवा बारीक ठिपके पुसट होतात. फोटोत लपलेली तारीख आणि जागेची माहितीही निघून जाते, म्हणजे कधीचा आणि कुठला हे विचारल्याशिवाय कळत नाही. भर उन्हात काढला तर हिरवं पानसुद्धा पिवळसर दिसतं, तेव्हा पानावर स्वतःची सावली पाडून काढायला सांगायचं, रंग बराच खरा येतो. २०१८ पासून पुढे ढकललेल्या मेसेजवर फॉरवर्डेड असं येतं, ते आधी बघायचं. ते असेल तर बाग बहुतेक त्याची नाही, आणि "ही तुमचीच बाग का?" हा पहिला प्रश्न. दुसऱ्या जिल्ह्यातला रोग आपल्या ग्रुपवर फिरून उगाच घबराट होते ती अशीच.

फायलींचं थोडं वेगळं आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आली, पुढे सातबारा ऑनलाईन निघायला लागला, तेव्हापासून नुसती पीडीएफ टाकणारेही वाढले. रोगट पानात प्रश्न निदान दिसतो तरी, सातबाऱ्यात काहीच दिसत नाही. तो विम्यासाठी असेल, ठिबकच्या अनुदानासाठी असेल, कर्जासाठी असेल, नाहीतर चुकून तुम्हाला गेला असेल. तिथे अंदाज बांधत बसू नये, फाईल उघडली, अमुक गटाचा सातबारा दिसतोय, याचं काय करायचंय, एवढं विचारावं. माती परीक्षणाचा अहवाल असेल तर मात्र विचारायचं एकच: यात आता कोणतं पीक घेणार? तेच आकडे केळीला वेगळं खत सांगतात आणि कपाशीला वेगळं, आणि अहवालावर पीक दुसरंच छापलेलं असेल तर त्यातली खताची मात्रा तशीच्या तशी वाचून दाखवू नये. आणि त्या पीडीएफमध्ये नाव, खातं, गट नंबर सगळं असतं, म्हणून ती ग्रुपवर आली असेल तर त्या माणसाला खासगीत सांगून काढायला लावायची आणि पुढचं बोलणं तिकडेच करायचं.