पार्श्वभूमी : रिचार्ज फुकट, मग लाइट बिलावर पैसे का?

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, कुठल्याही बाजारपेठेत मोबाईल-झेरॉक्सच्या दुकानात हा वाद ऐकू येतो. 299 चा रिचार्ज मारून 300 घेतले तर गिऱ्हाईक सुट्ट्या रुपयासाठी अडते आणि लाइट बिलावर पाच-दहा जास्त मागितले तर काउंटरवर आवाज चढतो. दुकानदाराला दोन्हीत मिळते फार थोडे. तरी या दोन कामांचा हिशोब एक नाही आणि त्याचे कारण जुने आहे.

सुरुवातीला स्क्रॅच कूपन होती. छापील किमतीच्या आतच दुकानदाराचे मार्जिन असे. नंतर दुकानदाराच्या सिममधून थेट बॅलन्स टाकता येऊ लागला, डिस्ट्रिब्युटरचा माणूस रोज येऊन रोकड घेई आणि बॅलन्स भरून देई. 10, 20, 50 ची गिऱ्हाइके दिवसभर येत. टक्का लहान असला तरी फेऱ्या भरपूर होत्या आणि रिचार्जला आलेला माणूस चार्जर, कव्हर, टेम्पर्ड ग्लासही घेऊन जाई. रिचार्जवर वेगळे पैसे घ्यायचे नाहीत ही सवय त्या काळातली.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली आणि दोन-तीन वर्षांत दहा-वीसचे टॉकटाइम मागे पडले. त्याजागी 28 किंवा 84 दिवसांचे पॅक आले. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर पॅक आणखी महागले. कमिशन कंपनी आणि पॅकप्रमाणे बदलते, म्हणून इथे अडीच टक्के धरू. 299 वर साधारण साडेसात रुपये येतात. 28 दिवसांचे पॅक वर्षात 13 वेळा, म्हणजे एका गिऱ्हाइकामागे वर्षाला सुमारे 97 रुपये. तोच माणूस 84 दिवसांच्या 799 च्या पॅकवर गेला तर कमाई थोडीच घटते, पण त्याच्या दुकानातल्या फेऱ्या तेरावरून चारवर येतात. खरा फटका कव्हर-चार्जरच्या गल्ल्याला बसतो.

आता यावर दोन रुपये सेवाशुल्क लावून पाहा. 13 वेळांचे 26 रुपये वाढून गिऱ्हाइकामागे 123 होतात. शंभरातले 21 जण तुटले की बेरीज जुन्या जागी येते आणि बाविसाव्यापासून तोटा सुरू होतो. शेजारचे दुकान फुकट मारत असेल तर एवढे तुटायला वेळ लागत नाही. गंमत म्हणजे ज्या यूपीआय अ‍ॅपनी गिऱ्हाईक ओढले, त्यांनीच पुढे शुल्क लावले. ऑक्टोबर 2021 मध्ये फोनपेने 50 रुपयांवरच्या रिचार्जला एक-दोन रुपये घेऊन पाहायला सुरुवात केली. त्यामुळे आज फुकट मारणारे दुकान कधीकधी अ‍ॅपपेक्षा स्वस्त पडते. हंगामात वाळवा-पलूसकडे आलेल्या ऊसतोड मजुरांसारख्या रोकड हातात असलेल्या गिऱ्हाइकाला तर दुकानच सोयीचे.

लाइट बिलाचे गणित उलटे आहे. महावितरणने दुकानदारांसाठी वॉलेट आणले तेव्हा मोबदला टक्क्यात नव्हता, प्रति पावती 5 रुपये होता. 2,400 चे बिल भरायला तेवढीच रक्कम आधी वॉलेटमध्ये अडकते, बारा आकडी ग्राहक क्रमांक घालायचा, नाव वाचून दाखवायचे, पावती छापायची, आणि हाती पाच रुपये. तेच 2,400 रिचार्जमध्ये फिरवले तर अडीच टक्क्यांनी 60 होतात. शेवटच्या तारखेला रांग लागते आणि नेमके तेव्हाच वॉलेट रिकामे होते, आणि रिचार्जही त्याच पैशातून चालत असेल तर ते गिऱ्हाईकही परत जाते. म्हणून शुल्क घ्यायचेच असेल तर ते बिलावर घेणे हिशोबाला धरून आहे. मात्र पावतीवर फक्त बिलाची रक्कम असेल आणि वरचे दहा कुठेच दिसत नसतील, तर भांडण ठरलेले. भारत बिल पेमेंटच्या पावतीत सुविधा शुल्काची वेगळी ओळ असते. तिथे आकडा छापून येतो आणि दर आधीच काउंटरवर लावून ठेवला की बोलणे थांबते.

फुकट रिचार्जला एक गोष्ट मात्र परवडत नाही, ती म्हणजे चूक. एक आकडा चुकून 299 भलत्याच नंबरवर गेले की 40 रिचार्जचे कमिशन बुडते, कारण पॅक एकदा लागू झाला की पैसे परत मिळण्याची आशा धरू नये. दुसरी चूक ‘पेंडिंग’ची. नेट अडखळते, गिऱ्हाईक घाई करते, दुकानदार पुन्हा बटण दाबतो आणि थोड्या वेळाने दोन्ही रिचार्ज यशस्वी झालेले दिसतात. पेंडिंग दिसले की आधी व्यवहारांच्या यादीत तो नंबर शोधावा, गिऱ्हाइकाला मेसेज आला का विचारावे, आणि ‘फेल’ होऊन पैसे वॉलेटला परत आल्याशिवाय दुसऱ्यांदा मारू नये. नंबर गिऱ्हाइकाकडून वहीत लिहून घेतला तर चूक कोणाची हे निदान कळते.