बॅकोसाइडे

नीरब्राह्मी (बॅकोपा मोनिएरी) या पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीतील ट्रायटर्पिनॉइड सॅपोनिने, म्हणजे पाण्यात फेस आणणारी शर्करायुक्त संयुगे. महाराष्ट्रात मंडूकपर्णीलाही (सेंटेला एशियाटिका) ब्राह्मी म्हणतात. तिच्यात बॅकोसाइडे नसतात, म्हणून ‘ब्राह्मी’वरील जुने उल्लेख सावधपणे वाचावे लागतात.

‘बॅकोसाइड ए’ हे नाव लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील रसायनज्ञांनी १९६० च्या दशकात दिले. ते एकच संयुग मानले जाई. पुढील विश्लेषणात ते बॅकोसाइड ए३, बॅकोपासाइड २, बॅकोपासॅपोनिन सी आणि त्याचा एक समघटक यांचे मिश्रण निघाले. ‘बॅकोसाइड बी’चे स्वतंत्र अस्तित्व संशयास्पद असून ते वेगळे करण्याच्या प्रक्रियेतच तयार झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हे रेणू मोठे व शर्करायुक्त असल्याने मेंदूत सहजी शिरत नसावेत. प्रत्यक्ष परिणाम शर्करा गळून उरलेल्या भागाचा असावा, असा संगणकीय अभ्यासांवर आधारलेला तर्क आहे.

बॅकोसाइडांचा स्मृतीशी संबंध मुख्यतः ॲसिटिलकोलीन या चेतापेशींमधील संदेशवाहक रसायनामार्गे सुचवला जातो. उंदरांच्या अग्रमेंदूतील कोलिनर्जिक, म्हणजे ॲसिटिलकोलीन स्रवणाऱ्या, चेतापेशी रसायनांनी नष्ट केल्यावर ॲसिटिलकोलीन, ते तयार करणारे विकर आणि ते ग्रहण करणारे मस्करिनी ग्राही हे तिन्ही घटतात. नीरब्राह्मीचा अर्क सुमारे दोन आठवडे दिल्यावर ही घट बरीच भरून निघाल्याचे आढळले. यावरून हा अर्क डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरील औषधाप्रमाणे ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखतो, असे काही लेखक म्हणतात. पण त्याला आधार अपुरा आहे. २००२ मधील एका तुलनेत गिंको वृक्षाच्या अर्काने विघटन करणारे विकर मात्रेनुसार रोखले. नीरब्राह्मीच्या अर्काने मात्र कोणत्याही संहतीला निम्म्याहून अधिक रोध दाखवला नाही. काळाचाही मेळ बसत नाही. विकररोध असता तर तो काही तासांत दिसावा. परंतु ३०० मिग्रॅ.च्या एका मात्रेनंतर दोन तासांनी निरोगी व्यक्तींत फरक आढळला नाही. म्हणून ऑक्सिडीकरणापासून संरक्षण किंवा चेतापेशींच्या शाखांची वाढ असे सावकाश घडणारे परिणाम अधिक संभाव्य वाटतात. तेही प्राण्यांपुरतेच दिसलेले आहेत.

मानवी चाचण्या लहान आहेत. मेलबर्न येथील २००१ च्या चाचणीत ४६ निरोगी व्यक्तींना १२ आठवडे रोज ३०० मिग्रॅ. अर्क किंवा निष्क्रिय गोळी दिली. अर्क घेणाऱ्यांचा शिकण्याचा वेग वाढला. वोलाँगाँग येथील २००२ च्या चाचणीत (७६ व्यक्ती, वय ४० ते ६५) शिकण्याचा वेग तसाच राहिला, पण नवी माहिती अधिक टिकली. दोन्ही निष्कर्ष अनुकूल असले, तरी ते एकाच क्षमतेविषयी नाहीत. २०१२ च्या एका आढाव्यात मुक्त स्मरणाच्या १७ कसोट्यांपैकी ९ मध्ये सुधारणा नोंदली आहे. इतर बौद्धिक क्षमतांबाबतचा पुरावा क्षीण ठरला. मळमळ, पोटात कळ व वारंवार शौच हे ज्ञात उपद्रव होत.